“राग आला” एवढंच लिहून डायरी बंद होते

ताई, मी गेले सात-आठ महिने रोज रात्री डायरी लिहिते. वाचलं होतं की भावनांना नेमकं नाव द्यावं, म्हणून नेटवरचं एक फीलिंग व्हील घेऊन त्यातले शब्द मराठीत केले, अजून थोडे जमवले, आणि सहा मूळ भावनांखाली 130 शब्दांची लिस्ट केली. पण लिहायला बसलं की “राग आला”, “मूड ऑफ होता”, “कसंतरीच वाटलं” हेच येतं. लिस्ट उघडली तर शब्द निवडण्यातच वेळ जातो आणि निवडलेला शब्द खोटा वाटतो. काही शब्द तर कुठल्या गटात टाकायचे हेच कळत नाही, म्हणजे त्रागा रागात टाकू का दुःखात, आणि हुरहुर? ती दुःखात का भीतीत? माझी शब्दसंपत्तीच कमी आहे का? अजून शब्द जमवू का?

---

अगं, 130 शब्द जमवणाऱ्या मुलीची शब्दसंपत्ती कमी कशी असेल? आणि तुझ्या पत्रातच बघ ना, शेवटी तू अडलीस ती कुठल्या शब्दांवर, त्रागा आणि हुरहुर. हे दोन्ही काही त्या व्हीलवरून आलेले नाहीत, ते तुझ्या घरातल्या, तुझ्या कानावर पडलेल्या बोलण्यातून आलेत. म्हणजे नेमके शब्द तुझ्याकडे आहेत, पण तू त्यांना बाहेरून आणलेल्या खणांमध्ये बसवायला बघतेयस आणि ते बसत नाहीयेत. त्यामुळे अजून शब्द अजिबात जमवू नकोस. उलट थोडे काढून टाकायचेत, आणि जे राहतील त्यांची जरा नीट ओळख करून घ्यायचीय.

आधी भाषांतराचं बोलते कारण निवडलेला शब्द खोटा वाटण्याचं अर्धं कारण मला तिथेच दिसतं. त्या व्हील्सवर “ओव्हरव्हेल्म्ड” हा शब्द बऱ्याचदा असतो आणि मराठी याद्यांमध्ये त्याचं “भारावलेली” करून टाकतात. आता तूच सांग, आपण भारावून कधी जातो? कोणी खूप प्रेम केलं, कोणाचं मोठेपण बघितलं की. एका दिवसात चार डेडलाइन, फोन वाजतोय, घरी कोणी आजारी, यातलं काय आधी करू तेच कळत नाहीये, याला आपण भारावणं म्हणत नाही. त्याला गांगरून जाणं म्हणतो, दडपून जाणं म्हणतो, नाहीतर सरळ “मला काही सुधरत नव्हतं” म्हणतो. मग त्या रात्री तू लिस्टमधून “भारावलेली” उचलून लिहिलंस तर ते खोटंच वाटणार, कारण ते खोटंच आहे. तुझ्या मनाने बरोबर ओळखलं.

दुसरी तशीच गडबड म्हणजे फक्त पुस्तकात भेटणारे शब्द. क्रोध, कोप, रोष, संताप, राग, असे पाच शब्द एकाखाली एक लिहिले की वाटतं आपण रागाच्या पाच छटा पकडल्या. पण “मला रोष आला” असं तू कधी कोणाला बोललीयस का? यातले बरेचसे वेगवेगळ्या वेळी वापरायचे एकाच अर्थाचे शब्द आहेत, कोणी किर्तनात वापरतं, कोणी पेपरात. राग कमी होता का जास्त एवढंच सांगायचं असेल तर त्याला वेगळा शब्द लागत नाही, शेजारी 1 ते 5 मधला आकडा टाकला तरी पुरतं. तर पहिलं काम हे कर, लिस्ट घेऊन बस आणि प्रत्येक शब्द एका खऱ्या वाक्यात मोठ्याने बोलून बघ, जवळच्या माणसाला फोनवर सांगतेयस अशा सुरात. जो जिभेवर अडला तो काट. माझा अंदाज आहे निम्म्याहून जास्त जातील, जाऊ देत.

आता गटांचं. तुला वाटतंय की मूळ भावना सहा आहेत आणि हे कुठेतरी कायमचं ठरलेलं आहे, आणि आपल्याला फक्त बरोबर खण शोधायचाय. तसं नाहीये गं. पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञांची सहाची यादी सगळ्यात जास्त फिरते, आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य. ती त्यांनी चेहऱ्यावरच्या हावभावांच्या अभ्यासातून केली. ग्लोरिया विलकॉक्स यांनी 1982 मध्ये जे फीलिंग व्हील केलं त्यातही सहाच आहेत पण वेगळे, तिथे किळस आणि आश्चर्य नाहीत, त्याऐवजी शांत असणं आणि आपल्यात ताकद आहे असं वाटणं हे दोन मुख्य खण आहेत. मग 1987 मध्ये फिलिप शेव्हर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 135 भावनाशब्द कार्डांवर लिहून 100 विद्यार्थ्यांना दिले आणि सांगितलं की तुम्हाला जे एकत्र वाटतात त्यांचे ढीग करा. त्यातून प्रेम, आनंद, आश्चर्य, राग, दुःख, भीती असे सहा निघाले, किळस रागाच्या ढिगात गेली आणि लाज गेली दुःखाच्या ढिगात. म्हणजे तिघांचे आकडे सहाच पण घरं वेगळी. आणि एकमनच्या त्या सहात लाजेला जागाच नाही हे लक्षात घे, म्हणजे ओशाळणं, खजील होणं, कानकोंडं होणं, आपण रोज जगतो ते सगळं तुझ्या लिस्टमध्ये बेघर झालं असणार.

यापेक्षा मला आपल्याकडची जुनी मांडणी डायरीसाठी जास्त उपयोगी वाटते. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी, म्हणजे टिकून राहणारे, भाव आहेत, रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय, आणि त्यांच्या जोडीला 33 व्यभिचारी भाव, त्यांनाच संचारी पण म्हणतात. शंका, चिंता, असूया, ग्लानी, औत्सुक्य, असे. यातला एक तर मला फार आवडतो, अवहित्थ, म्हणजे मनातलं चेहऱ्यावर दिसू न देणं. आता हे सगळं रंगमंचासाठी लिहिलंय, डायरीसाठी नाही, हे मान्य. पण त्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे, की हे 33 कुठल्याही एकाच घराला बांधलेले नाहीत. संचारी म्हणजे फिरणारे. तीच चिंता प्रेमातही येते, शोकातही येते. तेव्हा एखादा शब्द दोन गटांत जातोय म्हणजे तुझं चुकतंय असं नाही, तो दोन्हीकडे लिही. गट म्हणजे फक्त दार आहे, रात्री थकून बसल्यावर “साधारण कुठल्या बाजूचं होतं” एवढं शोधायला. आत गेल्यावर गट विसरायचा.

मग शब्द निवडायचा कसा? इथे खरं काम आहे. तू शब्दांमधला फरक तीव्रतेने मोजतेयस असं मला वाटतं, थोडा राग, मध्यम राग, खूप राग. पण आपल्या बोलण्यातले शब्द तसे वेगळे होतच नाहीत. प्रत्येक शब्दाच्या पोटात एक छोटी गोष्ट असते, की कोणावर, काय झालं म्हणून, आणि आता मला काय करावंसं वाटतंय. हे तीन प्रश्न विचारले की शब्द आपोआप वेगळे पडतात. तुझी डायरी “राग आला” वर अडते ना, म्हणून रागाचंच घर उघडून दाखवते.

वैताग घे. वैतागात बहुतेक वेळा गुन्हेगार कोणी एक नसतो, तीच गोष्ट परत परत होत असते, आणि आपल्याला त्यातून सुटायचं असतं, भांडायचं नसतं. चिडचिड त्याहून पसरट, ती जो समोर येईल त्याच्यावर निघते, आणि तिचं मूळ बऱ्याचदा मनात नसून अंगात असतं, झोप झालेली नसते, भूक लागलेली असते, डोकं दुखत असतं. पण त्यातलीच एक “चिड” काढून चीड म्हण, अर्थ एकदम बदलतो. चीड येते ती कोणीतरी काहीतरी चुकीचं केलं म्हणून, अन्याय झाला म्हणून, आणि ती दुसऱ्यावर झालेल्या अन्यायाचीही येते. ज्या दिवशी तुला चीड आली त्या दिवशी तू “चिडचिड झाली” लिहिलंस तर तू स्वतःलाच सांगतेयस की दोष माझ्या मूडचा होता, आणि खरं तर समोरचा चुकला होता. या एका शब्दाच्या फरकाने पुढे काय करायचं तेच बदलतं.

रुसवा बघ. अनोळखी माणसावर कोणी रुसतं का? रुसवा फक्त आपल्या माणसावर, आणि त्यात आशा असते की तो येईल, समजूत काढेल. म्हणजे रुसव्यात दार लावलेलं असतं पण कडी काढलेलीच असते. अढी मात्र वेगळी. अढी म्हणजे जुना राग, आता तो पेटत नाही पण त्या माणसाचं नाव निघालं की मन जरा मागे सरतं. आकसात अढीच्याही पुढे जाऊन समोरच्याचं वाईट व्हावं असंही असतं, हे स्वतःबद्दल लिहायला जड जातं पण डायरीत नाही लिहायचं तर कुठे. जळफळाट होतो तो दुसऱ्याला काहीतरी मिळालं म्हणून, त्याच्यात हेवा मिसळलेला असतो. धुसफूस म्हणजे बोलायचं तर नाहीये पण दाबलेलं बाहेर येतंय, भांडी जोरात ठेवली जातायत, उत्तरं तुटक दिली जातायत.

आणि तुझा त्रागा. त्राग्यात राग असतोच पण आपलं काही चालत नाही हे कळलेलं असतं, म्हणून तो समोरच्यावर पूर्ण न निघता स्वतःवर उलटतो, “जाऊ दे, मीच मूर्ख, नाही करत मी काही, जेवतच नाही मी” अशा भाषेत. राग अधिक लाचारी असं समज. तर तो रागातही लिही आणि दुःखातही, आणि त्याच्यापुढे आपल्या शब्दांत “राग आहे पण उपाय दिसत नाही” एवढं लिहून ठेव. तुझ्या डायरीतल्या “फ्रस्ट्रेशन” या शब्दाच्या जागी, तू तो वापरत असशील तर, एकदा विचारून बघ की हा वैताग होता का त्रागा. वैताग असेल तर त्या कटकटीतून सुटायचं कसं ते बघता येतं, त्रागा असेल तर आधी हे शोधावं लागतं की माझं नेमकं कुठे चालेनासं झालंय.

माझ्याच डायरीतलं एक सांगते, म्हणजे हे प्रत्यक्षात कसं होतं ते दिसेल. एका जुन्या मैत्रिणीने घर बदललं, आणि मला ते तिसऱ्याच कोणाकडून कळलं. त्या रात्री मी लिहिलं, “राग आला तिचा. एवढं साधं सांगता येत नाही?” आणि वही मिटली. सकाळी परत वाचलं तर पटेना. मग स्वतःला विचारलं, कोणावर? तिच्यावर. काय झालं म्हणून? मला आधी सांगितलं नाही म्हणून. काय करावंसं वाटतंय? आणि इथे थांबले, कारण तिला बोलावं, सुनावावं असं काही वाटतच नव्हतं, मला वाटत होतं की तिने स्वतःहून फोन करावा आणि म्हणावं, अगं सांगायचंच राहिलं. हा राग नाहीच, हा रुसवा. बरं, रुसवा लिहिल्यावर पुढचं वाक्य आपोआप आलं, “आधी मला पहिल्यांदा सांगायची, आता मी यादीत कितवी कोण जाणे.” म्हणजे खाली दुःख होतं, परकं झाल्याचं. आणि त्याच्याही खाली, लिहिता लिहिता, हे निघालं की गेले चार महिने मी पण तिला एकही फोन केला नव्हता, तिने दोनदा केला होता तेव्हा “नंतर करते” म्हटलं आणि केलाच नाही. त्याची मला तेव्हापासून रुखरुख होती. तर एका “राग आला” मधून रुसवा, परकेपणा आणि रुखरुख असे तीन निघाले, आणि यातला फक्त शेवटचा असा होता की ज्याचं मी काही करू शकत होते. मी फोन केला. “राग आला” एवढ्यावरच राहिले असते तर मी तिच्या फोनची वाट बघत बसले असते, हे मला पक्कं माहितीय.

यात एक खूण आहे ती लक्षात ठेव. शब्द बरोबर बसला की पुढचं वाक्य स्वतःहून येतं. चुकीचा असला की त्या शब्दाचं समर्थन करत बसावं लागतं, “म्हणजे तसा अगदी तोच नाही पण...” असं. तसं व्हायला लागलं की शब्द बदल, लिस्ट चाळत बसू नकोस.

अजून एका ठिकाणी डायरी फसते आणि ते खास आपल्या भाषेमुळे होतं. आपलं “वाटलं” हे क्रियापद दोन कामं करतं, विचाराचंही आणि भावनेचंही. “मला वाईट वाटलं” ही भावना. “मला वाटलं की तिने मुद्दाम केलं” हा विचार, किंवा सरळ आरोप. पण दोन्हीकडे वाटलं आहे म्हणून लिहिताना वाटतं की आपण भावनाच लिहिली. तपासायला सोपं आहे, “वाटलं” नंतर “की” आला, किंवा आणता आला, तर ते मत आहे, त्याच्या पुढे भावना अजून लिहायची बाकी आहे. लिस्टमधल्या “दुर्लक्षित”, “फसवलेली”, “नाकारलेली”, “वापरलेली” या शब्दांचंही तेच, यात समोरच्याने काय केलं ते आहे, तुला काय झालं ते नाही. दुर्लक्ष झालं म्हणून एखादी खट्टू होते, एखादी चिडते, आणि एखादीला तर हायसं वाटतं, की बरं झालं कोणी बघितलं नाही. असे शब्द काढून टाकायची गरज नाही पण त्यांना लिस्टच्या वेगळ्या पानावर ठेव, “काय घडलं” या नावाखाली.

आणि शब्द लिहिताना नुसतं नाम लिहू नकोस, क्रियापदासकट लिही. हे मी कुठे वाचलं नाही, लिहून लिहून माझ्या लक्षात आलंय. आपल्याकडे राग येतो, वैताग येतो, कंटाळा येतो, शिसारी येते. हुरहुर मात्र लागते, रुखरुख लागते, चुटपुट लागते, घोर लागतो, ओढ लागते. धस्स होतं, हिरमोड होतो. धसका घेतला जातो, अढी बसते, आकस धरला जातो. जे येतं ते साधारण लाटेसारखं असतं, येतं आणि ओसरतं. जे लागतं ते मागेच लागतं, दुसरी कामं करत असलो तरी आत चालूच राहतं. जे बसतं ते हलवायला वेळ लागतो. आणि जे धरलं जातं, ते सोडताही येतं, निदान भाषा तरी तसं म्हणते. प्रत्येक शब्दाला हे लागू होईलच असं नाही, पण “आज वैताग आला” आणि “आज घोर लागलाय” यातला फरक तुला रात्री पेन हातात असताना कळेल, आणि दुसऱ्या दिवशी परत बघायचं का नाही ते पण कळेल.

दुःखाच्या घरात एवढ्या खोल जात नाही, फक्त जे चार शब्द कायम एकमेकांच्या जागी वापरले जातात तेवढे सांगते. चुटपुट लागते ती हातातून थोडक्यात निसटलेल्या गोष्टीची, जाताना भेट झाली नाही, दोन शब्द बोलायचे राहिले. रुखरुख त्याच्यापेक्षा लांब चालते आणि त्यात बऱ्याचदा आपलंच काहीतरी करायचं राहिलेलं असतं. हळहळ वाटते ती जे आता भरून येणार नाही त्याची, आणि ती दुसऱ्याच्या नुकसानीचीही वाटते. हिरमोड व्हायला आधी उत्साह असावा लागतो, ज्याची वाटच बघितली नव्हती त्याचा हिरमोड होत नाही. म्हणून “मूड ऑफ” लिहायच्या आधी एवढंच विचार, आज सकाळी मी कशाची तरी वाट बघत होते का?

भीतीत पण तसंच, धाकधूक ही निकाल लागेपर्यंतची, धास्ती ही पुढे येणार असलेल्या गोष्टीची, धसका हा मागे होऊन गेलेल्याचा, आणि दडपण हे बहुतेक वेळा माणसांचं किंवा अपेक्षांचं. काळ बघितला की शब्द सापडतो.

आता नवीन लिस्ट. वहीच्या शेवटच्या पानांवर कर, फोनमध्ये नको, फोन उघडला की रात्र तिथेच जाते. राग, दुःख, भीती, आनंद, लाज आणि माया असे सहा घे, किंवा तुला पटतील ते पाच-सात घे, आणि प्रत्येकाखाली चार किंवा पाच शब्द, त्याहून जास्त नाही. म्हणजे सगळे मिळून पंचवीस-तीस. प्रत्येक शब्दापुढे एक ओळ, काय झालं की हा येतो आणि तो आला की मला काय करावंसं वाटतं. आणि त्याखाली तुझ्याच डायरीतलं एक खरं वाक्य, तारखेसकट. जोपर्यंत तसं वाक्य मिळत नाही तोपर्यंत तो शब्द पेन्सिलीने. लाजेखालचं एक उदाहरण देते, “कानकोंडं होणं: चारचौघात आपण नको तिथे आलोय असं होतं, निघून जावंसं वाटतं.” त्याच्या शेजारी “ओशाळणं: आपली छोटी चूक पकडली गेली, नजर चुकवावीशी वाटते.” बघ, दोन्ही लाजच, पण पहिल्यात तुझी काही चूक नाहीये, दुसऱ्यात आहे.

रोज लिहिताना लिस्टपासून सुरुवात करायची नाही, तुझा वेळ तिथेच जातोय. आधी काय घडलं ते तीन-चार वाक्यांत लिही, मग अंगात काय होत होतं ते, घसा दाटला, कान गरम झाले, पोटात गोळा आला, हात चालेना. मग शब्द, जो पहिला येईल तो. मग ते तीन प्रश्न, आणि त्यानंतरही अडलं तरच शेवटचं पान उघड. एका प्रसंगाला जास्तीत जास्त दोन किंवा तीन शब्द, आणि प्रत्येकाच्या पुढे “कारण” लिहून वाक्य पूर्ण कर. हा “कारण” मला महत्त्वाचा वाटतो. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी 1980च्या दशकापासून मनातलं लिहून काढण्यावर जे प्रयोग केले, त्यात भाग घेतलेल्यांच्या लिखाणांचा नंतर शब्दांनुसार अभ्यास झाला तेव्हा असं दिसलं की ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक “कारण”, “आता कळतंय” या जातीचे शब्द वाढत गेले त्यांना लिहिण्याचा फायदा जास्त झाला. म्हणजे नुसता शब्द ठेवून दिला तर तो लेबल होतो, पुढे कारण आलं की त्याचा उपयोग होतो.

दोन आठवड्यांनी एकदा मागची पानं चाळ. जो शब्द एकदाही लागला नाही तो मागच्या पानावर टाक, काटू नको. आणि जो फारच वेळा आलाय, समजा चौदापैकी नऊ दिवस “चिडचिड”, तो शब्द आता आळसाने येतोय असं समज आणि त्या नऊ नोंदींना ते तीन प्रश्न परत विचार. माझ्याकडे असं केल्यावर नेहमी दोन तरी वेगळे शब्द निघालेत.

आनंदाच्या घराबद्दल मात्र मी जरा हट्टाने सांगणार आहे. तुझ्या पत्रात एकही सुखाचा शब्द नाही. आनंदासाठी आपण सगळेच “छान वाटलं”, “मस्त गेला दिवस” यावर भागवतो, आणि दुःखासाठी तीस शब्द शोधतो. 2020 मध्ये व्हेरा व्हाइन, रायन बॉइड आणि पेनेबेकर यांचा एक अभ्यास आला, त्यात लोकांच्या सहज लिखाणातले भावनाशब्द मोजले होते. ज्यांच्या लिखाणात नकारात्मक भावनांचे वेगवेगळे शब्द जास्त त्यांच्यात त्रासही जास्त दिसला, आणि ज्यांच्यात सुखाच्या शब्दांची विविधता जास्त ते एकूण बऱ्या स्थितीत दिसले. यातून दुःखाचे शब्द शिकलं की दुःख वाढतं असं सिद्ध होत नाही हं, ज्याला जे जास्त भोगावं लागतं त्याचे शब्द त्याच्याकडे जास्त असणार, हे उलटही असू शकतं. पण लिस्ट एका बाजूला कलंडू देऊ नये एवढं तर त्यावरून म्हणता येतं. आणि सुखाच्या शब्दांतही गोष्टी दडलेल्या आहेतच. हायसं वाटतं ते भीती संपली म्हणून. समाधान होतं ते आपण काहीतरी पुरं केलं म्हणून. हुरूप येतो तो कोणी पाठ थोपटली म्हणून, आणि तो पुढचं काम करायला लावतो. कौतुक वाटतं दुसऱ्याचं, अभिमान वाटतो आपल्याचा. हरखून जायला अचानक काहीतरी मिळावं लागतं, निवांत वाटायला काहीच घडायला नको असतं. “छान वाटलं” च्या पोटात हे सगळे बसलेले असतात, आणि हायसं वाटलेला दिवस समाधानाचा म्हणून नोंदवला तर त्याच्या आधी किती भीती होती ते वहीतून निसटून जातं.

हे करताना काय बिघडू शकतं ते पण सांगून ठेवते. एक म्हणजे तोच प्रसंग रोज नव्या शब्दाने लिहिला जातो, सोमवारी खिन्न, मंगळवारी विषण्ण, बुधवारी उदास, आणि प्रसंगात नवीन काहीच नाही, ना नवी आठवण, ना नवं कारण. ते लिहिणं नाही, ते उगाळणं आहे. तीन दिवस असं झालं की त्या प्रसंगावर लिहिणं थांबव, आठवडाभर दुसरं काही लिही. दुसरं म्हणजे कधी कधी खरंच काही वाटत नाही. तेव्हा लिस्टमधून जबरदस्तीने काढू नकोस, “बधिर” हा पण शब्द आहे, तो लिही. मात्र दोन आठवडे सलग बधिर किंवा उदासच येत असेल आणि झोप, भूक, रोजची कामं यांच्यावर परिणाम होत असेल, तर वही पुरणार नाही, समुपदेशकाला किंवा डॉक्टरला दाखव, आणि हवं तर ती पानंच सोबत घेऊन जा, त्यांना फार मदत होते. हे ज्या कोणी वाचतायत त्यांनाही सांगतेय.

“कसंतरीच वाटलं” बद्दल तू जरा कमीपणाने लिहिलंयस. तो वाईट शब्द नाही गं. तो म्हणजे अजून ठरलेलं नाही अशी पाटी आहे. रात्री तोच आला तर तोच लिही, खाली दोन ओळी मोकळ्या सोड आणि सकाळी चहा घेताना परत बघ. माझं तरी बरंचसं सकाळीच सापडतं.

राहिली हुरहुर. मी तिला दुःखात पण ठेवलं नाही आणि भीतीत पण नाही, माझ्या वहीत ती मायेखाली आहे. कारण मी माझ्या जुन्या नोंदी बघितल्या तेव्हा ती दरवेळी कोणीतरी निघून चाललेलं असताना किंवा कोणीतरी यायचं असताना लागलेली होती, आणि काय करावंसं वाटतंय या प्रश्नाचं उत्तर दरवेळी एकच होतं, त्या माणसाजवळ जाऊन बसावंसं. तुझ्या वहीत ती कदाचित संध्याकाळी उगाचच लागत असेल, किंवा काहीतरी वाईट होणार असं वाटून लागत असेल, मग तिचं घर वेगळं. तुझ्या सात-आठ महिन्यांच्या नोंदी आहेत, त्यात जिथे जिथे हुरहुर लिहिलंयस ती चार-पाच पानं काढ आणि त्या दिवशी कोण जवळ होतं, कोण नव्हतं, एवढंच बघ.